खिडकी नसलेला ब्राउझर

हेडलेस ब्राउझर म्हणजे वेबपान उघडणारा, पण ते कोणालाही न दाखवणारा ब्राउझर. त्याला खिडकी नसते, वरची पत्त्याची पट्टी नसते, माउसचा बाण नसतो. बाकीचे काम मात्र तो नेहमीच्या ब्राउझरसारखेच करतो. सर्व्हरकडून पानाचा मजकूर मागवतो, त्यातली रचना समजून घेतो, रंग-आकाराचे नियम लावतो, पानातली जावास्क्रिप्ट चालवतो, कोणता शब्द कुठे बसेल याचा हिशेब करतो आणि शेवटी पानाचे चित्र स्मृतीत रंगवतो. हे चित्र पडद्यावर पाठवण्याची शेवटची पायरी तेवढी तो गाळतो. चित्र तयार असल्यामुळे त्याची प्रतिमा किंवा पीडीएफ करून ठेवता येते, पानावरचे बटण दाबल्यासारखे करता येते, फॉर्म भरता येतो.

हे सर्व्हरवर का करावे लागते, याचे कारण सर्व्हरच्या रचनेत आहे. भाड्याने घेतलेल्या बहुतेक लिनक्स सर्व्हरना पडदा जोडलेला नसतो आणि खिडक्या दाखवण्याची व्यवस्थाही त्यांच्यावर बसवलेली नसते. तिथे साधा क्रोम सुरू करायला गेले तर `Missing X server or $DISPLAY` एवढे सांगून तो बंद पडतो. पूर्वी यावर एक युक्ती होती, आणि ती अजूनही वापरात आहे. एक्सव्हीएफबी नावाचा प्रोग्राम स्मृतीतच एक खोटा पडदा उभा करतो आणि ब्राउझर त्यालाच खरा समजून चालतो. दुसरा मार्ग फँटमजेएसचा होता. हा 2011 साली आलेला, मुळातच पडद्याशिवाय चालणारा ब्राउझर अनेक वर्षे या कामाचा आधार होता. पण त्याचे इंजिन जुने होत गेले आणि नव्या साइट त्याच्यात नीट उघडेनाशा झाल्या. 2017 मध्ये क्रोमच्या 59व्या आवृत्तीत हेडलेस पद्धत आली, त्याच वर्षी फायरफॉक्समध्येही आली, आणि फँटमजेएसचे दिवस संपले.

क्रोमच्या या पहिल्या हेडलेस पद्धतीत एक मेख होती. नाव क्रोमचे आणि इंजिनही क्रोमचेच, पण इंजिनाभोवतीचा भाग वेगळा लिहिलेला होता. त्यामुळे नेहमीच्या क्रोममध्ये असलेल्या काही गोष्टी त्यात नसत. विस्तार चालत नसत, फाइल उतरवून घेणे अडत असे, प्लगइनची यादी रिकामी येत असे. 2023 मध्ये 112व्या आवृत्तीपासून नवी हेडलेस पद्धत आली. तिच्यात खरा क्रोमच चालतो, फक्त त्याच्या खिडक्या पडद्यावर उमटत नाहीत. जुनी पद्धत आता `chrome-headless-shell` या वेगळ्या नावाने मिळते आणि 132व्या आवृत्तीपासून मूळ क्रोममधून काढून टाकली आहे. इंटरनेटवर सापडणारा बराचसा सल्ला जुन्या पद्धतीबद्दलचा असतो, म्हणून तो वाचताना त्यावरची तारीख आधी पाहिलेली बरी.

इंजिन एकच असूनही पान वेगळे का दिसते, हे एका कामाच्या उदाहरणावरून नीट कळते. समजा, एका बाजार समितीच्या साइटवर रोजच्या दरांचे पान आहे. त्यात शेतमालाचे नाव, आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असा तक्ता आहे. त्या पानाचे चित्र रोज पहाटे साडेचारला काढायचे आणि शेतकऱ्यांच्या गटाला पाठवायचे, असे समितीनेच ठरवले आहे. कामाला लावलेला मुलगा आपल्या लॅपटॉपवर हा आदेश चालवून पाहतो:

```
google-chrome --headless --screenshot=dar.png https://example.org/dar
```

लॅपटॉपवर मराठी मजकूर नीट उमटतो. म्हणून तोच आदेश तो एका परदेशी डेटासेंटरमधल्या उबुंटू सर्व्हरवर ठेवतो. तिथून आलेल्या पहिल्या चित्रात मात्र मराठी अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकोनांच्या रांगा असतात, तक्त्यातले दोन स्तंभ गायब असतात आणि तारीख कालची असते. एकाच चित्रातले हे तीन दोष आहेत आणि तिघांची कारणे वेगवेगळी आहेत.

चौकोनांचे कारण फॉन्ट. वेबपानात अक्षरांची आकृती सहसा नसते, अक्षरांचे क्रमांक असतात. ‘कांदा’ या शब्दासाठी पान फक्त क, अनुस्वार, काना अशा चिन्हांचे क्रमांक पाठवते. त्यांचे आकार ब्राउझर यंत्रावरच्या फॉन्टमधून घेतो. लॅपटॉपवर विंडोज किंवा उबुंटू डेस्कटॉपसोबत देवनागरी फॉन्ट आलेला असतो. सर्व्हरची प्रणाली मुद्दाम आटोपशीर ठेवलेली असते, तिच्यात तो नसतो. आकार सापडला नाही की ब्राउझर चौकोन काढून पुढे जातो, कुठलीही चूक नोंदवत नाही. त्यामुळे नोंदवही तपासून हा दोष कळत नाही, चित्र डोळ्यांनीच पाहावे लागते. यंत्रावर मराठी लिहू शकणारा फॉन्ट आहे का, हे मात्र विचारता येते:

```
fc-list :lang=mr
sudo apt install fonts-noto-core
```

पहिल्या आदेशाचे उत्तर रिकामे आले तर फॉन्ट नाही. दुसऱ्या आदेशाने नोटो फॉन्टचा संच बसतो, त्यात देवनागरी आहे. एखादी साइट याच सर्व्हरवर नीट दिसते आणि दुसरी चौकोन दाखवते, याचाही उलगडा इथेच होतो. पहिली साइट आपला फॉन्ट पानासोबत पाठवत असते, दुसरी वाचकाच्या यंत्रावर विसंबून असते. सोबत पाठवलेल्या फॉन्टमध्येही एक अडचण आहे. तो येऊन पोचेपर्यंत ब्राउझर काही काळ मजकूर अदृश्य ठेवू शकतो, आणि नेमक्या त्या क्षणी चित्र घेतले तर तक्ता आहे पण अक्षरेच नाहीत असे दिसते. शिवाय फॉन्ट बदलला की अक्षरांची रुंदी बदलते. एका ओळीत मावणारे ‘सर्वसाधारण दर’ दोन ओळींत तुटते आणि सगळा तक्ता खाली सरकतो. मराठी ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आले, तर पानाने आपली भाषा `lang="mr"` अशी जाहीर केली आहे का आणि निवडलेल्या फॉन्टमध्ये मराठी वळण आहे का, या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. हा दोष यंत्राला कधीच सापडत नाही, गटातले आजोबा मात्र तो लगेच दाखवतात.

गायब स्तंभांचे कारण खिडकीचे माप. खिडकी दिसत नसली तरी तिची रुंदी-उंची मानल्याशिवाय पानाची मांडणी करता येत नाही, कारण ओळ कुठे तुटणार आणि चित्र किती मोठे बसणार हे रुंदीवरच ठरते. माप सांगितले नाही, तर या आदेशाने निघणारे चित्र 800 पिक्सेल रुंद आणि 600 उंच येते. आज असा पडदा कोणाच्याच टेबलावर नाही. आधुनिक साइट रुंदीनुसार रूप बदलतात. बूटस्ट्रॅप या लोकप्रिय रचनासंचात मोठ्या पडद्याची मांडणी 992 पिक्सेलपासून सुरू होते. त्यामुळे 800 पिक्सेलची खिडकी पाहून साइट तिला टॅब्लेट समजते, मेनू तीन आडव्या रेघांच्या बटणात गुंडाळते आणि तक्त्यातले ‘कमी महत्त्वाचे’ स्तंभ लपवते. लॅपटॉपवर आदेश चालवला तेव्हाही चित्र याच मापाचे होते. पण अक्षरे नीट दिसल्याच्या आनंदात स्तंभ मोजायचे राहून गेले, एवढेच.

चित्र काढण्यापेक्षा जिथे बटणे दाबायची असतात, तिथे हा दोष जास्त त्रास देतो. ब्राउझर प्रोग्रामने हाकण्यासाठी पपेटिअर आणि प्लेराइट ही दोन साधने जास्त वापरली जातात. पपेटिअर आपणहून पानाचे माप 800 गुणिले 600 धरतो, प्लेराइट 1280 गुणिले 720. एकच पान एका साधनात चालते आणि दुसऱ्यात ‘दर’ ही मेनूतली कडी ‘सापडली नाही’ म्हणून अडते, तेव्हा दोष साधनाचा वाटतो. प्रत्यक्षात कडी पानात असते, पण गुंडाळलेल्या मेनूत दडलेली असते आणि न दिसणाऱ्या वस्तूवर ही साधने क्लिक करत नाहीत. माप स्पष्ट सांगितले की प्रश्न मिटतो.

तारखेचा दोष सर्व्हरच्या घड्याळातला आहे. सर्व्हर सहसा जागतिक प्रमाणवेळेवर ठेवलेले असतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. भारतात पहाटेचे साडेचार वाजतात तेव्हा सर्व्हरच्या घड्याळात आदल्या रात्रीचे अकरा वाजलेले असतात. पानातली जावास्क्रिप्ट ‘आजची तारीख’ ब्राउझरला विचारते, ब्राउझर यंत्राला विचारतो, आणि उत्तर कालचे येते. हेच काम दुपारी तपासले तर तारीख बरोबर निघते, कारण पहाटे साडेपाचनंतर दोन्हीकडे तारीख एकच असते. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या पट्ट्यातच हा दोष उगवतो, म्हणून तो पकडायला दिवस लागतात. ठरलेल्या वेळी काम सुरू करणाऱ्या क्रॉनलाही हेच घड्याळ लागू असते. तिथे 4:30 लिहिले तर काम भारतात सकाळी दहाला सुरू होईल. ब्राउझरपुरती वेळ बदलायला आदेशाच्या आधी `TZ=Asia/Kolkata` लिहिले तरी पुरते. तीन दुरुस्त्यांनंतर आदेश असा होतो:

```
TZ=Asia/Kolkata google-chrome --headless \
  --window-size=1366,2000 \
  --virtual-time-budget=10000 \
  --screenshot=dar.png https://example.org/dar
```

यातली तिसरी ओळ चौथ्या दोषासाठी आहे. तो या पानावर रोज नाही, अधूनमधून दिसतो. कधीकधी तक्त्याचा मथळा येतो आणि खाली एकही दर नसतो. असे पान दोन टप्प्यांत भरते. आधी सांगाडा येतो, मग जावास्क्रिप्ट दर वेगळे मागवून तक्त्यात ओतते. माणूस पानासमोर दोन-तीन सेकंद आपोआप थांबतो, त्याला हे दोन टप्पे जाणवतही नाहीत. यंत्र सांगाडा आल्याबरोबर चित्र काढून मोकळे होते. `--virtual-time-budget` ने ब्राउझरला पानाचे घड्याळ दहा हजार मिलिसेकंद पुढे पळवायला सांगितले जाते, म्हणजे पानात ‘दोन सेकंदांनी हे कर’ असे लिहिलेले असेल तर ते चित्राआधी उरकते. ही सोय ढोबळ आहे. काम महत्त्वाचे असेल तर पपेटिअर किंवा प्लेराइटमध्ये ‘तक्त्यात पहिली ओळ दिसेपर्यंत थांब’ अशी नेमकी अट घालावी. ‘पाच सेकंद थांब’ असे लिहिणे सर्वांत सोपे असते, पण दर उशिरा आले की तेच सर्वांत आधी फसते.

चित्रांबाबतही वाट पाहण्याचाच प्रश्न आहे, फक्त इथे वेळेऐवजी अंतर मोजले जाते. अनेक साइट खालच्या चित्रांवर ‘जवळ आल्यावर आण’ अशी खूण करतात. चांगल्या जोडणीवर क्रोम खिडकीच्या खालच्या कडेपासून साधारण सव्वा हजार पिक्सेलच्या आतली अशी चित्रे मागवतो, त्यापुढची मागवत नाही. माणूस पान सरकवत जातो तशी ती येत राहतात. हेडलेस ब्राउझरमध्ये पान सरकवणारे कोणी नसते, त्यामुळे लांबलचक पानाच्या पूर्ण चित्रात खालच्या भागात राखाडी चौकटी उरतात. प्रोग्रामने पान टप्प्याटप्प्याने तळापर्यंत नेऊन परत वर आणणे हा त्यावरचा सरळ उपाय.

आतापर्यंतच्या कोणत्याही दोषात साइटने काही मुद्दाम केलेले नाही. तिला जे माप, जे घड्याळ आणि जे फॉन्ट मिळाले, त्यानुसार ती वागली. पुढच्या दोन गोष्टींतही हेतू नाही, पण त्या साइटच्याच धोरणातून येतात. पहिली ही, की हेडलेस ब्राउझर सहसा दर वेळी कोरी करकरीत ओळख घेऊन सुरू होतो. त्याच्याजवळ आधीच्या भेटीची एकही कुकी नसते. म्हणून साइटचे स्वागताचे पडदे, ‘जिल्हा निवडा’ असे प्रश्न, ‘आमचे अॅप घ्या’ असे आग्रह, हे सगळे रोज पहिल्यासारखे समोर येतात. दुसरी गोष्ट सर्व्हरचा पत्ता. सर्व्हर जर्मनीत असेल तर साइटला पाहुणा जर्मनीतला वाटतो. मग युरोपातल्या नियमांमुळे कुकींची संमती मागणारी मोठी चौकट पान झाकते, किमती युरोत येतात आणि मराठी-इंग्रजी अशी दोन रूपे असलेली साइट इंग्रजी रूप पुढे करते. भाषेच्या बाबतीत ब्राउझरचाही हात असतो. तो प्रत्येक मागणीसोबत आपली पसंतीची भाषा कळवतो आणि सर्व्हरवर ती सहसा अमेरिकन इंग्रजी असते. हेडलेस क्रोमच्या सुरुवातीच्या आवृत्त्या तर भाषा कळवतच नसत.

बाजार समितीचे आपले पान इथे संपते. आता समजा, त्याच कामात शेजारच्या जिल्ह्यातल्या बाजारांचे दरही जोडायचे ठरले आणि ते दुसऱ्या कोणाच्या साइटवर आहेत. इथे नव्या जातीची अडचण येते. लॅपटॉपवर ते पान उघडते, पण सर्व्हरवरून ‘आपण माणूस आहात याची खात्री करत आहोत’ असे लिहिलेले कोरे पान येते, किंवा 403 हा नकाराचा क्रमांक येतो. इथे साइटने पाहुणा ओळखला आहे आणि त्याला मुद्दाम वेगळे वागवले आहे.

ओळखण्याची सर्वांत सोपी खूण ब्राउझर स्वतःच देतो. प्रत्येक मागणीसोबत तो आपले नाव पाठवतो आणि हेडलेस क्रोमच्या नावात `Chrome` ऐवजी `HeadlessChrome` असते. ज्याला यंत्रे नको आहेत त्याला तेवढा एक शब्द पाहिला तरी पुरे. दुसरी खूण प्रमाणित आहे. ब्राउझर यंत्राच्या हुकमाने चालत असेल तर पानाने `navigator.webdriver` विचारल्यावर त्याने ‘खरे’ असे उत्तर द्यावे, हे वेबड्रायव्हरच्या प्रमाणलेखातच लिहिलेले आहे, आणि हेडलेस क्रोम तसे उत्तर देतो. त्यात कोणाचा निष्काळजीपणा नाही. यंत्राने ‘मी यंत्र आहे’ हे सांगावे, अशीच ती रचना आहे.

तिसरी खूण यंत्राच्या पोटातली आहे. त्रिमितीय चित्रे काढण्यासाठी पान ब्राउझरला चित्रपत्त्याचे नाव विचारू शकते. घरच्या संगणकावर इंटेल, एनव्हिडिया, एएमडी असे काही उत्तर येते. सर्व्हरवर चित्रपत्ता नसतो, त्याचे काम मुख्य प्रोसेसरवर सॉफ्टवेअर करते आणि उत्तरात `SwiftShader` किंवा `llvmpipe` असे नाव येते. याचा एक परिणाम ओळखीपलीकडचाही आहे. नकाशे आणि हलते आलेख असलेली पाने सर्व्हरवर रखडतात, कधी नकाशाच्या जागी रिकामी चौकट राहते. व्हिडिओचेही असेच. क्रोमऐवजी क्रोमियम बसवला असेल तर त्याच्या काही बांधण्यांत एच.264 या परवान्याच्या स्वरूपातला व्हिडिओ उलगडण्याची सोय नसते. मग क्रोममध्ये चालणारा व्हिडिओ क्रोमियममध्ये ‘स्वरूप चालत नाही’ म्हणतो, आणि दोष उगाच हेडलेसच्या माथी मारला जातो.

चौथी खूण ब्राउझरच्या हातात मुळीच नाही, आणि प्रत्यक्षात अनेकदा तीच निर्णायक ठरते. प्रत्येक आयपी पत्ता कोणत्या संस्थेच्या ताब्यात आहे याच्या याद्या उघड आहेत. घरगुती ब्रॉडबँडचे आणि मोबाइल कंपन्यांचे पत्ते वेगळे, डेटासेंटरचे वेगळे. डेटासेंटरमध्ये बसून कोणी निवांत बाजारभाव वाचत नाही, असे साइट गृहीत धरते आणि पान देण्याआधीच दार लावते. अशा वेळी ब्राउझर हेडलेस आहे की खिडकीवाला, याने काहीच फरक पडत नाही.

या खुणा पुसणारी तयार साधने मिळतात. ती ब्राउझरचे नाव बदलतात, `navigator.webdriver` चे उत्तर बदलतात, प्लगइनची खोटी यादी भरतात. पण खोटे बोलताना सगळ्या साक्षी जुळाव्या लागतात आणि तिथेच घोटाळा होतो. नावात विंडोज लिहिले पण `navigator.platform` अजून `Linux x86_64` म्हणते, चित्रपत्ता सॉफ्टवेअरचा निघतो, फॉन्टमध्ये विंडोजचा एकही नसतो आणि घड्याळ जागतिक वेळेचे असते. यातली एकेक गोष्ट तशी संशयास्पद नाही, लिनक्स वापरणारी माणसेही असतात. त्यांची विसंगती मात्र घरच्या ब्राउझरमध्ये सहसा आढळत नाही. म्हणून अर्धवट वेषांतर केलेला ब्राउझर कधीकधी साध्या हेडलेस ब्राउझरपेक्षाही लवकर अडवला जातो.

साइटवाल्यांची बाजू अगदीच अनाकलनीय नाही. चोरलेल्या पासवर्डांच्या याद्या लॉगिनच्या पानावर ओतून पाहणारे, तिकिटे उघडताच घाऊक उचलणारे आणि अख्खी साइट तासाभरात उतरवून घेऊन तिला धापा टाकायला लावणारे, हे सगळे याच साधनांनी काम करतात. साइटला हेतू दिसत नाही, फक्त खुणा दिसतात. ज्यांना ओळख लपवायची नसते त्यांचा मार्ग उलटा आहे. गूगलचा पाने वाचणारा रोबोट 2019 पासून अद्ययावत क्रोमियमनेच पाने उघडतो. तो आपले नाव सांगतो, आणि त्याचा आयपी पत्ता खरोखर गूगलचा आहे का हे डीएनएसमध्ये उलट तपासून पाहण्याची सोय साइटला आहे. छोट्या कामासाठी त्याचा सोपा अवतार असा: साइटच्या `robots.txt` मध्ये काय नको म्हटले आहे ते वाचणे, नावात आपल्या संस्थेचा आणि संपर्काचा उल्लेख ठेवणे, दिवसातून एकदाच जाणे, आणि दर थेट आकड्यांच्या रूपात मिळू शकतील का हे साइटच्या मालकाला विचारणे. आकडे थेट मिळाले तर ब्राउझरची गरजच उरत नाही. कामाच्या दृष्टीने ते सगळ्यांत स्वस्त.

बिघाड कुठला हे ओळखताना गोंधळ होतो, कारण लॅपटॉप आणि सर्व्हर यांच्यात एकाच वेळी अनेक गोष्टी बदललेल्या असतात. खिडकी गेली, यंत्र बदलले, पत्ता बदलला आणि ओळख कोरी झाली. म्हणून एका वेळी एकच बदलून पाहावे. आधी लॅपटॉपवर खासगी खिडकीत पान उघडावे. तिथेच ते बिघडले तर कारण कुकींमध्ये आहे, सर्व्हरला हात लावायची गरज नाही. ते नीट असेल तर लॅपटॉपवरच हेडलेस चालवावा. इथे बिघडले तर खिडकीचे माप, वाट पाहणे किंवा ब्राउझरने सांगितलेले नाव यांपैकी काहीतरी आहे. तेही नीट असेल तर सर्व्हरवर खिडकीवाला क्रोम खोट्या पडद्यावर चालवून पाहावा:

```
xvfb-run -s "-screen 0 1366x900x24" google-chrome https://example.org/dar
```

या चाचणीत क्रोम आपणहून बंद होत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात ती पपेटिअर किंवा प्लेराइटमधून, हेडलेसची निवड बंद ठेवून करतात, म्हणजे शेवटी चित्र घेता येते. मात्र यंत्राने हाकल्याची खूण तेव्हाही राहू शकते, हे लक्षात ठेवावे. खोट्या पडद्यावरही पान बिघडलेलेच आले तर संशय हेडलेसवरून उठतो आणि फॉन्ट, घड्याळ, चित्रपत्ता किंवा आयपी पत्ता यांच्याकडे वळतो. आणि प्रत्येक फसलेल्या वेळी तीन गोष्टी जपून ठेवाव्यात: त्या क्षणाचे चित्र, पानाचा मजकूर आणि सर्व्हरने दिलेला उत्तराचा क्रमांक. क्रमांक 200 आणि मजकुरात तक्ता आहे पण चित्रात नाही, तर दोष मांडणीचा. क्रमांक 200 पण तक्ता रिकामा, तर बहुधा वाट कमी पाहिली. 403 आला तर साइटने नाकारले. 429 आला तर फार वेळा गेल्याची तक्रार आहे, तिथे अंतर वाढवायचे.

या यादीत न बसणारा एक बिघाड उरतो, आणि तो साइटशी संबंधितच नाही. सर्व्हरवर ब्राउझर पुष्कळदा डॉकरच्या डब्यात चालवतात. या डब्याला सामायिक स्मृतीची जागा `/dev/shm` मध्ये आपणहून फक्त 64 मेगाबाइट मिळते. क्रोमच्या वेगवेगळ्या प्रक्रिया एकमेकींना चित्रे आणि माहिती तिथूनच देतात. छोटे पान निभावते, चित्रांनी भरलेले मोठे पान अर्ध्यात कोसळते, आणि पाहणाऱ्याला वाटते की ती साइटच हेडलेसला सहन करत नाही. डबा सुरू करताना `--shm-size=1g` दिले, किंवा क्रोमला `--disable-dev-shm-usage` सांगून ती जागा न वापरता साधी तात्पुरती फाइल वापरायला लावले, की तेच पान उघडते. डब्यात सगळे काम मुख्य वापरकर्ता म्हणून चालत असेल तर क्रोम सुरूच होत नाही आणि `--no-sandbox` मागतो. तो दिला की काम लगेच चालते, म्हणून बहुतेक जण तो देऊन टाकतात. पण त्याने पानातल्या घातक कोडपासूनची मुख्य भिंतच पडते. आपल्याच बाजार समितीचे पान उघडण्यापुरते ते चालून जाईल. परक्या साइट उघडायच्या असतील तर डब्यात एक साधा वापरकर्ता तयार करून त्याच्या नावाने क्रोम चालवावा. काही ठिकाणी त्यासोबत डब्याच्या परवानग्याही थोड्या सैल कराव्या लागतात, कारण क्रोमची ती भिंत लिनक्सच्या ज्या सोयीवर उभी असते ती डॉकर आपणहून बंद ठेवू शकतो.